प्रत्येक स्ट्रिंग तयार होते का, हे डीएफएबाबत ठरवता येते. संदर्भमुक्त व्याकरणाबाबत का नाही?

प्रश्न: डीएफए सर्व स्ट्रिंग स्वीकारतो का, हे तपासायला अंतिम अवस्था उलटवल्या की काम होते. संदर्भमुक्त व्याकरणाची भाषा रिकामी आहे का, हेही सहज कळते. मग तेच व्याकरण सर्व स्ट्रिंग तयार करते का, हे अनिर्णेय कसे? वर्गात ‘पूरकाखाली बंदिस्त नाही’ एवढेच कारण सांगितले. मी एका व्याकरणासाठी लांबी १२ पर्यंतच्या सर्व स्ट्रिंग सीवायके अल्गोरिदमने तपासल्या, सगळ्या तयार झाल्या. यावरून काहीच म्हणता येत नाही का?

उत्तर: तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळे मर्म तिथेच आहे. लांबी १२ पर्यंत एकही स्ट्रिंग सुटली नाही, याला अर्थ यायचा असेल तर एक गोष्ट आधी माहीत असावी लागते: स्ट्रिंग सुटणारच असेल, तर सर्वांत आखूड सुटलेली स्ट्रिंग जास्तीत जास्त किती लांब असू शकते? ही मर्यादा हाती असली की तिथपर्यंतच्या स्ट्रिंग तपासायच्या आणि निकाल द्यायचा. नियमित भाषांसाठी अशी मर्यादा आहे आणि ती एका ओळीत लिहिता येते. संदर्भमुक्त व्याकरणांसाठी अशी मर्यादा काढून देणारी कोणतीही पद्धत असूच शकत नाही. मी शिकवताना दोन्ही बाजू याच एका प्रश्नावर तोलतो, कारण ‘सोपे’ आणि ‘अनिर्णेय’ यांतला फरक मग हाताने मोजता येतो.

आधी नियमित बाजू पाहू. अक्षरे दोनच घेऊ, `a` आणि `b`, आणि रेग्युलर एक्स्प्रेशन घेऊ `(a|ba)*(b|ε)`. याचा डीएफए तीन अवस्थांचा आहे.

```
अवस्था   a    b    अंतिम?
0        0    1    हो
1        0    2    हो
2        2    2    नाही
```

अवस्था 0 मध्ये शेवटचे अक्षर `b` नाही, अवस्था 1 मध्ये ते `b` आहे, आणि सलग दोन `b` आले की मशीन अवस्था 2 मध्ये अडकते. सर्व स्ट्रिंग स्वीकारल्या जातात का, याचा अर्थ इथे एवढाच उरतो की सुरुवातीपासून एखाद्या अंतिम नसलेल्या अवस्थेपर्यंत वाट आहे का. आहे: `bb`. जी वाट सर्वांत आखूड असेल ती एकाच अवस्थेतून दोनदा जाणार नाही, कारण तसे झाले तर मधला फेरा कापून ती आणखी आखूड करता येईल. म्हणून `n` अवस्थांच्या डीएफएतून एखादी स्ट्रिंग सुटत असेल, तर `n-1` किंवा त्याहून कमी लांबीची एक तरी सुटतेच. आपल्या उदाहरणात `n` तीन आहे आणि `bb`ची लांबी दोन, म्हणजे मर्यादा नेमकी गाठली गेली.

एनएफए दिला असेल तर मात्र अंतिम अवस्था नुसत्या उलटवून चालत नाही, आणि ही चूक परीक्षेत दरवर्षी दिसते. एनएफएमध्ये एकाच स्ट्रिंगसाठी एक वाट अंतिम अवस्थेत आणि दुसरी वाट भलतीकडे संपू शकते. अवस्था उलटवल्या तरी ती स्ट्रिंग स्वीकारली जातच राहते. ‘एक तरी वाट यशस्वी होते’ याचे नकारात्मक रूप ‘एकही वाट यशस्वी होत नाही’ असे आहे, ‘एक तरी वाट अयशस्वी होते’ असे नाही. ही ओळ लक्षात ठेवा, कारण पुढे तीच अडचण मोठ्या रूपात समोर येणार आहे. एनएफएसाठी उपाय रेबिन आणि स्कॉट यांनी १९५९ मध्ये दिलेला आहे: अवस्थांच्या संचांनाच अवस्था मानायचे. `n` अवस्थांचे संच `2^n` होतात, म्हणून सुटलेल्या आखूड स्ट्रिंगची मर्यादा `2^n - 1` होते. ती मोठी आहे, आणि एनएफएसाठी हा प्रश्न पीस्पेस-पूर्ण, म्हणजे बहुपदी जागेत सुटणाऱ्या प्रश्नांमधल्या सर्वांत अवघड गटातला, आहे हे मायर आणि स्टॉकमायर यांच्या १९७२ च्या कामापासून माहीत आहे. त्यामुळे ‘नियमित बाजू सोपी’ हे डीएफएपुरते अक्षरशः खरे आहे. एनएफएसाठी ते खर्चिक आहे, पण कुठे थांबायचे ते ठाऊक असते.

आता संदर्भमुक्त बाजू. पूरकाखाली बंदिस्त नसणे हे कारण तुम्हाला अपुरे वाटले, हे योग्यच झाले, कारण ती सिद्धता नाही. त्याने फक्त एक वाट बंद होते, म्हणजे पूरक भाषेचे व्याकरण बनवून ते रिकामे आहे का हे पाहण्याची वाट. दुसरी एखादी वाट असू शकली असती, आणि काही ठिकाणी ती खरोखर आहे. ज्या व्याकरणांत प्रत्येक स्ट्रिंगचा एकच पार्स ट्री असतो, अशा असंदिग्ध व्याकरणांच्या भाषांचे पूरकही संदर्भमुक्त असतातच असे नाही, हे १९६६ पासून माहीत आहे. तरीही व्याकरण असंदिग्ध असल्याची खात्री असेल, तर ते सर्व स्ट्रिंग तयार करते का हे ठरवता येते. म्हणून अनिर्णेयतेचे कारण म्हणून नुसते ‘बंदिस्त नाही’ कोणी सांगितले, तर ते स्वीकारू नका. खरे कारण असे की संदर्भमुक्त व्याकरणाला ट्युरिंग मशीनच्या गणनेतली चूक ओळखता येते. हे सविस्तर करून दाखवतो.

एक अगदी छोटे ट्युरिंग मशीन घेऊ. टेपवर `1` किंवा कोरे घर `_` असते. सुरुवातीची अवस्था `p`, स्वीकाराची अवस्था `h`. नियम दोनच: अवस्था `p` मध्ये `1` दिसला तर तो तसाच ठेवून उजवीकडे जा आणि `p` मध्येच राहा, `p` मध्ये कोरे घर दिसले तर तिथे `1` लिही, उजवीकडे जा आणि `h` मध्ये थांब. इनपुट `11` दिले. मशीनची एका क्षणाची स्थिती लिहिण्याची नेहमीची रीत अशी की टेप जशीच्या तशी लिहायची आणि डोके ज्या घरावर आहे त्याच्या लगेच डावीकडे अवस्थेचे अक्षर घालायचे. मग पूर्ण गणना `#` ने वेगळे केलेल्या ठोकळ्यांची एकच स्ट्रिंग होते.

```
#p11_#1p1_#11p_#111h#
```

याला गणनेचा इतिहास म्हणतात. सोयीसाठी असे ठरवू की पहिल्या ठोकळ्यात इनपुटनंतर हवी तेवढी कोरी घरे आधीच घालून ठेवायची, म्हणजे सर्व ठोकळे सारख्याच लांबीचे राहतात. मशीनला जागा कमी पडली तर तो इतिहास पूर्ण होत नाही. जास्त कोरी घरे घेऊन दुसरा लिहायचा. मशीन इनपुट स्वीकारत असेल तर पुरेशी कोरी घरे घेतल्यावर एक बरोबर इतिहास मिळतोच, आणि स्वीकारत नसेल तर कितीही घरे घेतली तरी मिळत नाही.

आता आपल्याला असे व्याकरण लिहायचे आहे जे `1`, `_`, `p`, `h`, `#` या पाच चिन्हांच्या, *बरोबर इतिहास नसलेल्या* सर्व स्ट्रिंग तयार करील. स्ट्रिंग बरोबर इतिहास नसेल, तर तिच्यात काही ना काही बिघडलेले असणार. एकतर तिचा साचाच चुकलेला असेल, म्हणजे ती `#` ने सुरू होत किंवा संपत नसेल, किंवा एखाद्या ठोकळ्यात अवस्थेचे अक्षर नेमके एक नसेल. किंवा पहिला ठोकळा `p11` आणि पुढे कोरी घरे असा नसेल. किंवा शेवटच्या ठोकळ्यात `h` नसेल. या तिन्ही चुका एनएफएलाही पकडता येतात, त्यामुळे व्याकरणाला त्या अवघड नाहीत. उरते ती खरी चूक: दोन शेजारच्या ठोकळ्यांपैकी दुसरा हा पहिल्याची पुढची पायरी नसणे.

ही चूक पकडायला दोन ठोकळे पूर्ण ताडून पाहावे लागत नाहीत, आणि या सिद्धतेचा प्राण इथेच आहे. ट्युरिंग मशीन एका पायरीत डोक्याच्या आसपासच बदल करते. म्हणून पुढच्या ठोकळ्यात `j` व्या जागी कोणते चिन्ह असायला हवे, हे आधीच्या ठोकळ्यातल्या `j` च्या आसपासच्या फार तर चार सलग चिन्हांवरून ठरते. या चार चिन्हांना खिडकी म्हणू. ठोकळा संपवणारा `#` हेही एक चिन्हच मानले, की लांबी कमी-जास्त असण्याची चूकही याच तपासात येते. खिडक्यांचे प्रकार मर्यादित आहेत, आणि प्रत्येक प्रकारासाठी थोडेसे नियम लिहिले की काम होते. एक प्रकार पूर्ण लिहून दाखवतो: आधीच्या ठोकळ्यात `j` व्या जागी `p` आणि त्याच्या लगेच पुढे `1` असेल, तर पहिल्या नियमानुसार पुढच्या ठोकळ्यात `j` व्या जागी `1` यायला हवा. तिथे दुसरे काहीही आले तर चूक.

```
E -> A # T N A
T -> X T X | p 1 B #
B -> X B | ε
N -> _ | p | h | #
X -> 1 | _ | p | h
A -> X A | # A | ε
```

`T` कडे नीट पाहा. तो डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी चिन्हे जोडीजोडीने घालतो, आणि मग मध्ये `p1`, ठोकळ्याचा उरलेला भाग व `#` ठेवतो. म्हणजे पहिल्या ठोकळ्यात `p` च्या आधी जेवढी चिन्हे आहेत, नेमकी तेवढीच चिन्हे पुढच्या ठोकळ्यात `N` च्या आधी येतात. ती चिन्हे कोणती, याच्याशी व्याकरणाला काही देणेघेणे नाही. `N` हे `1` सोडून काहीही असते, आणि दोन्हीकडचे `A` म्हणजे ‘बाकीची स्ट्रिंग कशीही असो’.

एक चुकीचा इतिहास घेऊन पाहू. तिसऱ्या ठोकळ्यात मशीन पुढे सरकलेच नाही असे समजा:

```
#p11_#1p1_#1p1_#111h#
```

व्याकरण ती अशी तयार करते: पहिला `A` हा `#p11_` होतो, मग `#` येतो. `T` एकदा `X T X` होतो आणि दोन्ही `X` चा `1` होतो. आतला `T` म्हणजे `p1`, त्यापुढे `B` चा `_`, आणि `#`. त्यानंतर `N` हा `p` होतो, आणि शेवटचा `A` उरलेले `1_#111h#` लिहितो. तुकडे जोडा, वरची स्ट्रिंग अक्षर न् अक्षर मिळते. मूळ बरोबर इतिहासात मात्र `p1` ची खिडकी जिथे जिथे आहे तिथे पुढच्या ठोकळ्यात त्याच जागी `1` आहे, त्यामुळे `N` ला जागाच मिळत नाही, आणि हे नियम ती स्ट्रिंग तयार करू शकत नाहीत. सर्व खिडक्यांचे नियम आणि साच्याच्या चुकांचे नियम एका आरंभचिन्हाखाली एकत्र केले, की पूर्ण व्याकरण तयार होते. त्याला `G` म्हणू.

आता `G` मधून काय सुटते? आपले मशीन `11` स्वीकारते, त्यामुळे बरोबर इतिहास सुटतो. एकही कोरे घर घेतले नाही तर `11p` पाशी जागा संपते, म्हणून किमान एक घर हवे. तेव्हा चार ठोकळे, प्रत्येकी चार चिन्हे, आणि पाच `#`, म्हणजे २१ चिन्हांची स्ट्रिंग होते. हीच `G` मधून सुटणारी सर्वांत आखूड स्ट्रिंग. पाच चिन्हांच्या, लांबी २० पर्यंतच्या स्ट्रिंग सुमारे ११९ लाख कोटी आहेत आणि त्या सगळ्या `G` तयार करते. लांबी २१ च्या सुमारे ४७७ लाख कोटी स्ट्रिंगपैकी नेमकी एक सुटते. दोन नियमांच्या, इनपुट ओलांडून थांबणाऱ्या बाळबोध मशीनची ही अवस्था आहे, आणि तुम्ही लांबी १२ ला थांबला होतात.

मशीन जरा गुंतागुंतीचे घेतले की हा आकडा कुठे जातो, याचे एक पक्के उदाहरण आहे. पाच अवस्था आणि दोन चिन्हे असलेले, कोऱ्या टेपवर सुरू होऊन सर्वांत जास्त वेळ चालून थांबणारे मशीन ४,७१,७६,८७० पायऱ्या घेते, हे २०२४ मध्ये सिद्ध झाले. ते थांबते तेव्हा टेपवर ४,०९८ एक असतात. त्याच्या इतिहासात ४.७ कोटींहून अधिक ठोकळे येतील आणि सर्व ठोकळे सारख्या लांबीचे असल्यामुळे प्रत्येकात किमान ४,०९९ चिन्हे असतील. म्हणजे सर्वांत आखूड सुटलेली स्ट्रिंग १९,००० कोटी चिन्हांहून लांब, आणि तिचे व्याकरण मात्र फार तर काही हजार नियमांचे.

आता अनिर्णेयता वेगळी सिद्ध करावी लागत नाही. कोणतेही ट्युरिंग मशीन `M` आणि इनपुट `w` द्या. वरच्या रीतीने त्यांचे व्याकरण यांत्रिकपणे लिहिता येते, त्यासाठी मशीन चालवावे लागत नाही. `M` ने `w` स्वीकारले तर त्याचा इतिहास व्याकरणातून सुटतो. स्वीकारले नाही तर बरोबर इतिहास अस्तित्वातच नाही, म्हणून व्याकरण सर्व स्ट्रिंग तयार करते. व्याकरण सर्व स्ट्रिंग तयार करते का हे सांगणारा प्रोग्राम असता, तर `M` हे `w` स्वीकारते का, हेही त्याच प्रोग्रामने सांगितले असते. आणि असा प्रोग्राम असू शकत नाही, हे ट्युरिंगच्या १९३६ च्या निबंधापासून ठाऊक आहे. सुरुवातीला मांडलेल्या मर्यादेचेही तसेच. व्याकरण पाहून ‘सुटली तर या लांबीच्या आत सुटेल’ असा आकडा कोणी काढून देत असेल, तर तिथपर्यंतच्या स्ट्रिंग सीवायकेने तपासून हाच प्रश्न सुटला असता. म्हणून असा आकडा काढण्याची पद्धत नाही. तो फक्त फार मोठा आहे असे नाही. तो कोणत्याही गणनयोग्य फलनाच्या पलीकडे वाढतो.

इतिहासाच्या दृष्टीने सांगायचे तर हा निकाल बार-हिलेल, पर्लेस आणि शमीर यांनी १९६१ मध्ये दिला, आणि त्यांनी पोस्टच्या जुळणीच्या प्रश्नाचा, म्हणजे दोन याद्यांतले तुकडे एकाच क्रमाने जोडून सारखीच स्ट्रिंग बनते का या अनिर्णेय प्रश्नाचा, आधार घेतला होता. गणनेच्या इतिहासाची वाट हार्टमॅनिस यांनी १९६७ मध्ये नीट मांडली. अनेक ठिकाणी ही सिद्धता लिहिताना एकाआड एक ठोकळे उलटे लिहितात. ते उलटे लिहिणे दोन संदर्भमुक्त भाषांचा छेद रिकामा आहे का, या प्रश्नासाठी लागते, कारण तिथे ठोकळे पूर्ण जुळवावे लागतात. आपल्या प्रश्नासाठी त्याची गरज नाही. आपण एका जागेपर्यंत फक्त मोजतो, आणि मोजायला ठोकळा उलटा असो की सुलटा, फरक पडत नाही. विद्यार्थी त्या उलटसुलट लेखनातच अडकतात, म्हणून ते टाळून लिहिले.

याच मोजणीवरून दोन्ही बाजूंमधला फरक कळतो. `T -> X T X` हा नियम हवी तेवढी मोठी संख्या लक्षात ठेवतो, आणि मर्यादित अवस्थांच्या मशीनला ते जमत नाही. पण ठोकळ्यांची लांबी `n` अशी आधीच बांधून दिली, तर तीच चूक एनएफएलाही पकडता येते: खिडकी पाहायची, साधारण `n` चिन्हे मोजून पुढे जायचे आणि तिथले चिन्ह पाहायचे. त्याला `n` च्या पटीत अवस्था पुरतात. मघाशी सांगितलेला पीस्पेस-पूर्णतेचा निकाल याच रचनेतून निघतो. ठोकळ्याची लांबी बांधलेली म्हणजे मशीनची टेप बांधलेली. टेप बांधलेली असेल तर प्रश्न खर्चिक पण निर्णेय, टेप मोकळी सोडली तर अनिर्णेय. मला हे दोन निकाल वेगवेगळे कधीच वाटले नाहीत.

तरीही दोष नुसत्या स्टॅकचा नाही. व्याकरणाने इथे जे केले ते असे: चूक कुठे आहे याचा *अंदाज* केला आणि ती एकच जागा तपासली. ‘कुठेतरी एक चूक आहे’ हे सांगायला एक जागा पुरते. ‘कुठेही चूक नाही’ हे सांगायला प्रत्येक ठोकळ्याची प्रत्येक जागा तपासावी लागते, आणि एका स्टॅकला ते साधत नाही. एनएफएमध्येही हाच अंदाज होता, पण तिथे सर्व अंदाज एकाच वेळी संचात धरून ठेवता आले, कारण संच मर्यादित होते. इथे प्रत्येक अंदाजाचा स्टॅक वेगळ्या उंचीचा असतो, आणि ते सगळे एकत्र धरायला मर्यादित साठा पुरत नाही. अंदाज काढून घेतला की प्रश्न पुन्हा निर्णेय होतो: डिटरमिनिस्टिक पुशडाउन मशीनचे पूरक मशीन बनवता येते आणि ते रिकामे आहे का हे पाहता येते. असंदिग्ध व्याकरणांसाठी प्रश्न का सुटतो, तेही आता दिसेल. तिथे प्रत्येक लांबीचे पार्स ट्री मोजले की स्ट्रिंगच मोजल्या जातात, आणि ती संख्या सर्व स्ट्रिंगच्या संख्येइतकी आहे का, हे बीजगणिताने तपासता येते. आपल्या `G` मध्ये मात्र दोन चुका असलेली स्ट्रिंग दोन वेगळ्या वाटांनी तयार होते, त्यामुळे ट्री मोजून स्ट्रिंगची संख्या कळत नाही.

तुमच्या व्याकरणाकडे येतो. सीवायकेने तपासत राहण्यात एक गोष्ट खरी आहे: एखादी स्ट्रिंग सुटत असेल तर कधी ना कधी ती सापडेल, आणि सापडलेली स्ट्रिंग हा पक्का पुरावा असेल. म्हणजे ‘नाही’ हे उत्तर मिळू शकते. ‘हो’ हे उत्तर या मार्गाने कधीच मिळत नाही. ‘हो’ हवे असेल तर व्याकरणाचा आकार पाहावा लागतो. अक्षर एकच असेल तर भाषा नियमित असतेच आणि प्रश्न सुटतो. एखादे चिन्ह स्वतःला दोन्ही बाजूंनी काहीतरी घेऊन पुन्हा जन्म देत नसेल, म्हणजे वरच्या `T` सारखा नियम प्रत्यक्ष किंवा आडवळणानेही तयार होत नसेल, तरी भाषा नियमित असते. तेव्हा एनएफए बनवून संचांच्या रीतीने तपासा. ते नसेल तर व्याकरण एलआर(१) पार्सर जनरेटरला देऊन पाहा. एकही कॉन्फ्लिक्ट न येता टेबल बनले तर व्याकरण डिटरमिनिस्टिक आहे आणि पूरकाची वाट मोकळी आहे. त्यातही एक खबरदारी घ्या: पुशडाउन मशीनच्या अंतिम अवस्था सरसकट उलटवू नका. इनपुट संपल्यावर मशीन काही न वाचता काही अवस्थांतून जाऊ शकते आणि त्यांतली एखादी अंतिम व दुसरी नसलेली असू शकते; शिवाय स्टॅक रिकामा होऊन मशीन इनपुट अर्धवट सोडू शकते. या दोन गोष्टी आधी दुरुस्त करून मगच उलटवायच्या.

कॉन्फ्लिक्ट आले, तर पहिला कॉन्फ्लिक्ट कोणत्या नियमांमुळे आला ते इथे लिहा, आणि व्याकरण कोणत्या अक्षरसंचावर आहे तेही. कॉन्फ्लिक्ट नुसत्या लेखनपद्धतीमुळे असेल तर नियम फिरवून तो जातो. पण `E` मधल्यासारखे दोन्ही बाजूंना ‘काहीही’ आणि मध्ये एका जागेचा अंदाज, असे नियम त्यात असतील, तर लांबी १२ वरून ३० वर नेण्यात दिवस घालवू नका.